आजीची नजर लेन्सकडे वळवताना

ग्रुप फोटोत एकाचे डोळे मिटलेले असले की दुसऱ्या फ्रेममधलं उघड्या डोळ्यांचं डोकं आणून बसवायचं, हे काम आता लग्नाच्या फोटोंवर हात बसलेला कोणीही करतो. मान जुळते, केसांची कड जुळते, रंग जुळतो. तरी फोटो समोर धरला की घरातली माणसं थबकतात आणि म्हणतात, हिची नजर कुठेतरी दुसरीकडेच आहे. मी फोंड्याला छोट्या स्टुडिओत रिटचिंग करतो. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली डोकं बसवण्याला जेवढा वेळ देतो, त्याहून जास्त वेळ डोळ्यांतल्या दोन गोष्टींना देतो: बुबुळाची जागा आणि त्यावरची पांढरी चमक. या दोन गोष्टी एकत्र हलवल्या तर काम बिघडतं. हे का होतं, ते एका कामाच्या निमित्ताने सांगतो.

सावईवेऱ्याच्या एका जुन्या घरात आजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं. फोटो काढणारा माझा मावसभाऊ. दुपारी जेवणं उरकल्यावर त्याने राजांगणात आजी आणि त्यांची पाच मुलं असा सहा जणांचा फोटो घेतला. आजी मधे पाटावर, मुलं मागे आणि बाजूला. कॅमेरा स्टँडवर, आजींपासून साधारण तीन मीटर. उजेडासाठी 120 सेंटिमीटरचा एक ऑक्टाबॉक्स, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारी आठकोनी पेटी, कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला, डोक्याच्या वर. शिवाय राजांगणाच्या उघड्या चौकोनातून आभाळाचा मऊ उजेड होताच. या लेखात डावं-उजवं म्हणतोय ते फोटो बघणाऱ्याच्या बाजूने, फोटोतल्या माणसाच्या नव्हे.

सगळ्यांचे चेहरे सर्वांत छान आले त्या फ्रेममध्ये आजींचे डोळे मिटलेले आणि मान थोडी खाली. फ्लॅशच्या वेळी म्हाताऱ्या माणसांचं असं होतंच. त्याच्या आधीच्या एका फ्रेममध्ये आजी खळखळून हसल्या आहेत, डोळे उघडे आहेत, पण तेव्हा त्यांचा एक नातू मावसभावाच्या उजव्या खांद्याशी उभा राहून मोबाइलची टॉर्च लावून व्हिडिओ काढत होता. आजी त्याच्याकडे बघत होत्या. घरच्यांना हसणाऱ्या आजी हव्या होत्या आणि त्यांची नजर फोटो बघणाऱ्याकडे हवी होती. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, हसू माझंच आहे ना, मग लाव. म्हणून मी कामाला हात घातला. एकाच्या धडावर दुसऱ्याचा चेहरा लावायला कोणी आलं तर मी नाही म्हणतो, हे इथेच सांगून टाकतो.

पहिला मोह असा होतो की हसऱ्या फ्रेममधले फक्त डोळे कापून मिटलेल्या डोळ्यांच्या जागी ठेवावेत. हे करू नये. विल्यम हाइड वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1824 साली चित्रांतल्या डोळ्यांवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने दाखवलं की रेखाटलेले डोळे तेच ठेवून नाक आणि चेहऱ्याचा खालचा भाग बदलला की बघणाऱ्याला नजरेची दिशाच बदललेली वाटते. आपण नजर फक्त डोळ्यांतून वाचत नाही; डोकं कुठे वळलंय ते पाहतो आणि त्यात बुबुळाची जागा मिसळतो. मिटलेल्या डोळ्यांच्या फ्रेममध्ये आजींची मान खाली होती. तिथे सरळ मानेवरचे डोळे लावले असते तर त्या कपाळातून वर बघताहेत असं दिसलं असतं. म्हणून केसांच्या कडेपासून पदराच्या काठापर्यंत पूर्ण डोकं उचललं. कॅमेरा स्टँडवर असल्याने मोठं-लहान करावं लागलं नाही. फोटोशॉपमध्ये दोन्ही फ्रेम एका फाइलमध्ये लेयर म्हणून घेतल्या, `Edit > Auto-Align Layers` चालवलं, डोकं दोन बोटं सरकवलं आणि मास्कने कडा मिसळल्या. या भागात काही विशेष नाही.

खरी गंमत त्यानंतरची. डोकं बसवून फाइल छोटी करून घरी पाठवली. आजींच्या धाकट्या सुनेचा कोकणीत एकच प्रश्न आला: “आजी खंय पळयता?” म्हणजे, आजी कुठे बघताहेत?

प्रश्न बरोबर होता. पण किती उजवीकडे बघताहेत, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा डोळ्यातूनच वाचता येतं. हसऱ्या फ्रेममध्ये आजींच्या प्रत्येक डोळ्यात दोन चमका होत्या. एक मोठी, गोलसर, डावीकडे वर: ऑक्टाबॉक्सची. दुसरी टाचणीच्या टोकाएवढी, बरोबर बाहुलीच्या मधोमध: मोबाइलच्या टॉर्चची. त्याच फ्रेममध्ये थोरल्या मुलाच्या डोळ्यात तोच ठिपका बाहुलीच्या थोडा उजवीकडे होता, कारण तो लेन्सकडे बघत होता. बुबुळाच्या पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया छोट्या बहिर्गोल आरशासारखा वागतो. माणूस ज्या दिव्याकडे थेट बघतो त्याची चमक बाहुलीच्या जवळजवळ मधे पडते. तेव्हा आजी लेन्सकडे नाही, टॉर्चकडेच बघत होत्या, याचा पुरावा त्यांच्याच डोळ्यात होता.

आता मोजमाप. मावसभावाला विचारलं, तो म्हणाला मोबाइल लेन्सपासून दीड फूट तरी उजवीकडे असेल. म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर. तीन मीटरवरून हे अंतर साडेआठ अंशांचं होतं. माणसाचं बुबुळ मोठेपणी सगळ्यांचं जवळजवळ सारखंच असतं, सुमारे 11.7 मिलिमीटर रुंद. या फोटोत ते 44 पिक्सेल रुंद दिसत होतं. म्हणजे एका मिलिमीटरला पावणेचार पिक्सेल. डोळा ज्या मध्याभोवती फिरतो त्यापासून बुबुळाची पातळी साधारण 10 मिलिमीटर पुढे असते. त्यामुळे डोळा साडेआठ अंश वळला की बुबुळ दीड मिलिमीटर सरकतं. फोटोत साडेपाच पिक्सेल.

हा फोटो 24 बाय 16 इंचांचा छापायचा होता. फाइल 8256 पिक्सेल रुंद, म्हणजे छपाईत साडेपाच पिक्सेल होतात 0.4 मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी, आणि तेवढ्यावरून सुनेला कळलं की आजी दुसरीकडे बघताहेत. नजरेच्या बाबतीत आपले डोळे किती कडक परीक्षक आहेत, याचा अंदाज यावा म्हणून हा आकडा दिला.

मग बुबुळ साडेपाच पिक्सेल डावीकडे सरकवलं की झालं? बहुतेक जण हेच करतात. लॅसोने चमकेसकट बुबुळ उचलायचं, सरकवायचं, मागे उरलेली पोकळी पांढऱ्याने भरायची. मी मुद्दाम तसं करून बघितलं, म्हणजे घरच्यांना दोन्ही शेजारी दाखवता येतील. बुबुळ आता पापण्यांच्या मधे बरोबर बसलं होतं. तरी नजर अजून किंचित उजवीकडे आणि थोडी शून्यात गेल्यासारखी. थोरला मुलगा म्हणाला, बरं झालंय, पण आई माझ्या कानामागे बघतेय.

कारण असं. चमक हे दिव्याचं प्रतिबिंब आहे. बुबुळ डोळ्याबरोबर फिरतं, पण दिवा आणि कॅमेरा जागच्या जागी असतात. प्रतिबिंब पडतं कॉर्नियाच्या गोलाईवर आणि त्या गोलाईचा मध्य डोळ्याच्या फिरण्याच्या मध्यापासून साडेपाच-सहा मिलिमीटरच पुढे आहे. म्हणजे डोळा वळला की चमकही सरकते, पण बुबुळ जेवढं सरकतं त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. आमच्या हिशेबात बुबुळ साडेपाच पिक्सेल, तर चमक फक्त तीन पिक्सेल आणि वर थोडी. मी दोन्ही एकत्र साडेपाच सरकवली होती. त्यामुळे चमक गरजेपेक्षा अडीच पिक्सेल जास्त डावीकडे गेली होती आणि बाहुलीपासून लांब, बुबुळाच्या काठाकडे झुकली होती. घड्याळाच्या भाषेत, बाकी पाच जणांच्या डोळ्यात चमक दहाच्या काट्यावर होती आणि आजींच्या डोळ्यात साडेनऊच्या.

डोळ्यांचे डॉक्टर तिरळेपणा तपासायला हीच गोष्ट वापरतात. टॉर्च समोर धरतात आणि चमक बाहुलीच्या मध्यापासून किती हटली ते बघतात. एक मिलिमीटर हटली तर डोळा सुमारे 12 अंश वळलेला असतो. जुन्या पुस्तकांत सात-आठ अंश लिहिलेलं आढळतं, पण फोटोवरून मोजलं तर बाराच्या आसपास येतं आणि वरच्या गोलाईच्या हिशेबाशीही तेच जुळतं. आमचे अडीच पिक्सेल म्हणजे 0.65 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ आठ अंश. बुबुळाची जागा सांगत होती की आजी लेन्सकडे बघताहेत, आणि चमक सांगत होती की अजूनही टॉर्चकडेच बघताहेत. डोळे एक बोलतात आणि चमक दुसरं, म्हणून ती शून्यातली नजर.

आपल्याकडे हे जास्त खटकतं, असं माझं मत आहे. गडद तपकिरी डोळ्यात बुबुळ आणि बाहुली यांच्यातली सीमा फोटोत दिसतच नाही, सगळं एक काळं वर्तुळ. त्या काळ्यावर एकच पांढरा ठिपका असतो, आणि बघणारा नजर त्या ठिपक्यावरूनच ओळखतो. निळ्या-हिरव्या डोळ्यात बाहुली वेगळी दिसते, तिथे चमकेवर एवढा भार नसतो. परदेशी ट्युटोरिअल बघून काम करणाऱ्यांना हा फरक कळत नाही. त्यांतले नमुने बहुतेक उजळ डोळ्यांचेच असतात.

तेव्हा कामाची रीत अशी ठरली की बुबुळ आणि चमक वेगळ्या लेयरवर ठेवायची आणि चमक नसलेलं बुबुळ आधी तयार करायचं.

चमक काढणं गडद डोळ्यात सोपं आहे. बुबुळाचा खालचा उजवा भाग, जिथे काहीच चमकत नाही, तो उचलून अर्धा फेरा फिरवला आणि चमकेवर ठेवला. कड मऊ केली. टॉर्चचा ठिपका क्लोन स्टँपच्या एका ठोक्यात गेला. तो जायलाच हवा होता, कारण ज्या फ्रेमवर डोकं बसवलं तिच्यात नातू निघून गेला होता आणि बाकी कोणाच्याच डोळ्यात दुसरा ठिपका नव्हता.

बुबुळ कापताना आजींच्या वयाची एक गोष्ट सांभाळावी लागली. उतारवयात बुबुळाच्या काठाशी फिकट, निळसर-पांढरी कडी दिसू लागते. आजींच्या डोळ्यात ती स्पष्ट होती. ही कडी सोडून काळं वर्तुळ तेवढं कापलं तर डोळ्यात रंगीत लेन्स घातल्यासारखं दिसतं, आणि घरच्यांना कारण न सांगता येताही आई वेगळी वाटते. म्हणून कडीच्या बाहेर दोन पिक्सेल पांढरा भाग सोबत घेऊन कड फार हलकी पुसट ठेवली. खालच्या पापणीच्या काठावर अश्रूंची एक बारीक चकाकती रेघ असते, ती मात्र मागेच ठेवली. ती पापणीची आहे, डोळा वळला तरी जागची हलत नाही. बुबुळाबरोबर ती ओढली गेली तर डोळ्याखाली विचित्र तुटक रेघ दिसते.

बुबुळ सरकल्यावर उजवीकडे चंद्रकोरीएवढी पोकळी उरली. ती भरताना पांढरा रंग मुळीच वापरायचा नाही. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. आजींच्या डोळ्यात तो पिवळट करडा होता, कोपऱ्याकडे गुलाबी, आणि वरच्या बाजूला पापणीच्या सावलीत पार काळपट. ही वरून खाली उजळत जाणारी छटा चुकली की डोळा चिनी मातीचा वाटतो. मी शेजारचाच भाग खालून खालचा आणि वरून वरचा असा दोन तुकड्यांत आणला, म्हणजे सावली जागच्या जागी राहिली. मग पूर्ण गटाला पापण्यांमधल्या फटीएवढा मास्क दिला, त्यामुळे बुबुळाचा वरचा भाग आपोआप पापणीखाली झाकला गेला.

बुबुळ नेमकं किती सरकवायचं याची एक दुसरी तपासणीही केली, कारण दीड फूट हा शेवटी मावसभावाचा अंदाज. सकाळच्या पूजेनंतर आजींचा एक एकटीचा फोटो काढलेला होता, त्यात त्या सरळ लेन्सकडे बघताहेत. ओठ मिटलेले आणि कॅमेरा अगदी जवळ, त्यामुळे ते डोकं या फोटोत चाललं नसतं. पण डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बुबुळापर्यंत किती पांढरं आणि बाहेरच्या बाजूला किती, हे प्रमाण त्यातून मिळालं. हे बघणं यासाठी गरजेचं की लेन्सकडे बघणाऱ्या माणसाचं बुबुळ पापण्यांच्या बरोबर मधे असेलच असं नाही, आणि चमकही दिवा समोर असताना बाहुलीच्या अगदी मधे नसते, थोडी नाकाकडे असते. माणसाची बघायची रेषा आणि डोळ्याचा आस यांच्यात काही अंशांचा कोन असतो, तोही प्रत्येकाचा वेगळा. फूटपट्टीने मधोमध बसवलेलं बुबुळ म्हणूनच अनेकदा किंचित तिरळं वाटतं. माणसाचा स्वतःचा दुसरा फोटो हाताशी असेल तर त्याच्यासारखा आधार नाही. आजींच्या बाबतीत हे प्रमाण साडेपाच पिक्सेलच्या हिशेबाशी जुळलं, अर्ध्या पिक्सेलचा फरक आला तो मी एकट्या फोटोच्या बाजूने सोडवला.

आता चमक परत ठेवायची. पांढऱ्या ब्रशने ठिपका मारणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. मी आधी आजींच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या डोळ्यातली चमक मोठी करून नीट बघितली. ती वर्तुळ नाही, बोथट कोपऱ्यांचा अष्टकोन आहे, सात पिक्सेल रुंद, बुबुळाच्या साधारण सहाव्या भागाएवढी. हेही हिशेबाने जुळतं: 120 सेंटिमीटरचा दिवा अडीच मीटरवर असेल तर कॉर्नियात त्याचं प्रतिबिंब दोन मिलिमीटरच्या आत येतं. रंग शुद्ध पांढरा नाही, जरासा उबदार. वरची कड पापणीच्या केसांनी थोडी कातरलेली. आजींची स्वतःची जुनी चमकही जवळजवळ अशीच होती, दिवा दोन्ही फ्रेममध्ये हललेला नव्हता. म्हणून तीच कापून घेतली, `Lighten` मोडमध्ये वरच्या लेयरवर ठेवली आणि मूळ जागेपासून फक्त तीन पिक्सेल डावीकडे नेली. दोन्ही डोळ्यांत सारखी. एका डोळ्याची चमक उलटी करून दुसऱ्यात लावलेली मी अनेक अल्बमांत पाहिली आहे. तिथे एका डोळ्यात दिवा डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे दिसतो, आणि माणूस नाकाच्या शेंड्याकडे बघतोय असं वाटतं.

दिवा हललेला असता तर जुनी चमक कामी आली नसती. तेव्हा शेजाऱ्याच्या डोळ्यातून जागा आणि आकार घ्यावा लागतो, पण जागा शेजाऱ्याच्या पापण्यांवरून नाही तर बुबुळाच्या मध्यापासून मोजायची, आणि शेजारी लेन्सकडेच बघतोय ना याची आधी खात्री करायची. कडेला बसलेल्या माणसापेक्षा जवळच्याचं माप घ्यावं. दिवा जवळ असेल तर ग्रुपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चमकेची जागा आणि आकार हळूहळू बदलत जातो.

आभाळाचं प्रतिबिंब बुबुळाच्या वरच्या काठाशी निळसर पट्टीसारखं होतं. नियमाने तेही निम्म्यानेच सरकायला हवं. पण ते रुंद, मंद आणि अर्धं पापणीखाली झाकलेलं. बुबुळाबरोबर पूर्ण सरकलं तरी कोणाला दिसलं नसतं, म्हणून त्याच्या नादाला लागलो नाही.

शेवटी धार आणि दाणा, म्हणजे फोटोतली बारीक खरखर. कापून ठेवलेल्या तुकड्यांना मुळातला दाणा असतो, पण अर्ध्या पिक्सेलने सरकवलं की तो पुसट होतो आणि डोळा बाकीच्या चेहऱ्यापेक्षा मऊ दिसतो. शक्यतो पूर्ण पिक्सेलांतच सरकवावं. मी साडेपाच धरून बुबुळ एका डोळ्यात पाच आणि दुसऱ्यात सहा सरकवलं का? नाही, तसं केलं तर दोन डोळे दोन ठिकाणी बघतात. एकट्या फोटोचा कौल सहाकडे होता, म्हणून दोन्हीत सहा आणि चमक तीनच ठेवली.

तपासणी मोठं करून होत नाही. 400 टक्क्यांवर प्रत्येक डोळा बरोबरच दिसतो. फोटो छपाईच्या मापाला आणला, कॅनव्हास आडवा उलटवून पाहिला, कारण उलट्या चेहऱ्याची आपल्याला सवय नसते आणि तिरकेपणा लगेच टोचतो. मग कागदाने एक एक डोळा झाकला: डाव्या डोळ्याने आजी माझ्याकडे बघतात का, उजव्या डोळ्याने बघतात का, आणि दोन्ही मिळून त्याच जागी बघतात का. शेवटी सहाही जणांच्या चमकेवरून नजर फिरवली, सगळ्यांचा काटा दहावर आहे ना. जोडलेले फोटो पकडणारे हीच खूण शोधतात. मायका जॉन्सन आणि हनी फरीद या संशोधकांनी 2007 साली दाखवलं होतं की डोळ्यांतल्या चमकेवरून प्रत्येक माणसावर उजेड कुठून पडला ते काढता येतं आणि ते जुळलं नाही तर फोटो जोडलेला आहे असं समजतं. आमच्या फोटोत लपवायचं काहीच नव्हतं. छापलेल्या प्रतीच्या मागे दोन्ही फ्रेमचे नंबर मी लिहून दिले.

ही रीत कुठपर्यंत चालते, तेही सांगायला हवं. आडव्या दिशेने दहा अंशांच्या आसपास फारशी अडचण येत नाही. वीस अंशांवर बुबुळ गोल न राहता अंडाकृती व्हायला लागतं, पांढऱ्या भागाचं प्रमाण पार बदलतं, आणि बहुतेक वेळा माणसाने डोकंही वळवलेलं असतं. तिथे दुसरी फ्रेम शोधावी. उभ्या दिशेने तर मी हातच घालत नाही. डोळा खाली वळला की वरची पापणीही त्याच्यासोबत खाली येते, तिच्यावरची घडी उलगडते, पापणीचे केस गालाकडे झुकतात. बुबुळ वर सरकवता येतं, पण अर्धी मिटलेली पापणी तशीच राहते, आणि माणूस झोपेत बघतोय असं वाटतं.

याच कार्यक्रमातल्या दुसऱ्या एका फोटोत धाकट्या सुनेचा तीन वर्षांचा मुलगा हातातल्या लाडवाकडे बघत होता. आजींचं काम पाहून तिला वाटलं, त्याचीही मान न हलवता नजर वर करता येईल. त्याची पापणी डोळ्याच्या निम्म्यापर्यंत उतरलेली होती आणि बुबुळाचा वरचा अर्धा भाग फोटोत नव्हताच. तो मी आणणार कुठून? मावसभावाकडून त्या वेळच्या सगळ्या फ्रेम मागवल्या. त्यातल्या एकीत तो पोरगा तोंड भरलेलं, गाल फुगलेले, पण थेट लेन्सकडे बघतोय. तिने तीच निवडली, कुठलाही बदल न करता.